देवाचं चित्र आणि त्याखालची एक ओळ



मी सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस. नकाशे हाताळणं माझं काम, भाषण करणं नव्हे. पण आमच्या गल्लीतल्या एका फ्लेक्सची गोष्ट मी कार्यवाहांना सांगितली आणि त्यांनी मलाच इथं उभं केलं.

झालं असं. फ्लेक्स करणाऱ्या मुलानं इंटरनेटवरच्या तयार चित्रांतून एक देखणा गणपती घेतला. मजकूर डाव्या बाजूला होता आणि बाप्पाची सोंड उजवीकडं वळलेली दिसत होती. सोंड मजकुराकडं असावी म्हणून त्यानं `Flip Horizontal` दाबलं. चित्र आरशातल्यासारखं उलटलं. फ्लेक्स चौकात चढला, सगळ्यांनी फोटो काढले. संध्याकाळी एक आजोबा वर बघून म्हणाले, "अरे, बाप्पाचं जानवं अपसव्य कशानं झालं?"

आमच्याकडं घराचा नकाशा असा उलटला की डावीकडचा जिना उजवीकडं जातो, म्हणून आम्ही दहा वेळा तपासतो. गणपतीच्या बाबतीत एकाच वेळी तीन गोष्टी उलटतात. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि त्याची पूजा कडक सोवळ्याची मानणारी घरं आपल्यात आहेत. आशीर्वादाचा उजवा हात डावा होतो. आणि डाव्या खांद्यावरचं जानवं उजव्या खांद्यावर जातं. तशा जानव्यानं आपण पितरांचं तर्पण करतो. सणाच्या फ्लेक्सवर ते दिसलं म्हणून आजोबांना खटकलं.

नुसती सोंड बघून मात्र निर्णय देऊ नका. मुंबईच्या प्रभादेवीचा सिद्धिविनायक मुळातच उजव्या सोंडेचा आहे. पण त्याचं सर्पाचं जानवं डाव्या खांद्यावरूनच आलंय आणि मोदकही डाव्या हातात आहेत. म्हणून आधी जानवं बघायचं, मग आशीर्वादाचा हात, आणि सोंड शेवटी. फ्लेक्स छापायला जाण्याआधी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मोबाइलवर दाखवलं, तर पाच मिनिटांचं काम आहे. मजकूर उजवीकडं नेला असता तरी आमचं भागलं असतं!

आता संतांकडं येतो. तिथला घोळ जानव्यावरून ओळखता येत नाही.

ज्ञानोबा किंवा तुकोबा दिसायला कसे होते, हे सांगणारा फोटो नाही. त्यांच्या काळी कॅमेराच नव्हता. आपल्या डोळ्यांसमोर जे तुकोबा येतात, ते बरेचसे १९३६ साली प्रभातनं काढलेल्या 'संत तुकाराम' चित्रपटातले. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो चित्रपट वर्षभराहून जास्त चालला. पागनीसांचा त्या वेषातला फोटो लोकांनी देव्हाऱ्यात ठेवला. यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. पडद्यावर नट आहे हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक होतं. पण फोटो तिकिटापासून सुटला आणि पुढच्या पिढीनं तेच तुकोबा मानले.

आज हे सुटणं फार लवकर होतं. मागच्या वर्षी एका ग्रुपवर तुकोबा डोळे हलवून, ओठ हलवून गणेशोत्सवाच्या शुभेच्छा देताना आले. खाली काही लिहिलेलं नव्हतं. कॉम्प्युटरनं हलवलेलं चित्र दाखवायला माझी हरकत नाही. मुलं त्यानं खिळून बसतात. पण गाथेत नाही ते वाक्य तुकोबांच्या तोंडी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अभंग गाणाऱ्याचा आवाज मागून द्यावा, ओठ स्थिर ठेवावेत. आणि शिर्डीचे साईबाबा, शेगावचे गजानन महाराज यांचे खरे फोटो आहेत. ते तर हलवूच नयेत. नाहीतर खरा फोटो कुठला आणि खेळ कुठला, हे नातवंडांना कळायचं नाही.

आमच्या नकाशावर कोपऱ्यात लिहिलेलं असतं: 'प्रमाणात नाही'. त्यानं नकाशाची किंमत कमी होत नाही, माणूस तेवढा फूटपट्टी लावत नाही. तशीच ओळ इथं हवी: 'काल्पनिक चित्र, संगणकावर हलवलेले'. ती सुरुवातीच्या पाटीवर देऊन उपयोग नाही, कारण पुढं पाठवणारा सुरुवात कापतो. शेवटच्या श्रेयनामावलीत तर नकोच, तोवर मंडळी प्रसादाच्या रांगेत असतात. चित्राच्या आतच, खालच्या कोपऱ्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत राहू द्या. अक्षर मागच्या रांगेतल्या आजीला वाचता येईल एवढं. आणि आपल्या बेळगाव-निपाणीकडं ती मराठीत आणि कन्नडमध्येही द्या. आरतीला शेजारची कानडी घरंही येतात आणि ओळ त्यांच्यासाठीही आहे.

माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात तुकोबांचा जो फोटो होता, तो पागनीसांचाच, हे मला चाळिशीत कळलं. काढला नाही. आजीनं त्याला आयुष्यभर हार घातलाय. फक्त मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: विष्णुपंत पागनीस, 'संत तुकाराम', १९३६.