काळी शेळी दिसली म्हणजे उस्मानाबादी नव्हे

रोह्याच्या एका शेतकरी दादाने मला व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवले. पाच शेळ्या घ्यायच्या होत्या, आणि व्यापारी तिघींनाही ‘प्युअर उस्मानाबादी’ म्हणत होता. दादाचा प्रश्न एवढाच, “बघून सांगा, खरंच आहेत का?”

पहिली शेळी अंगाने काळी, पण नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा. कान लांब, चपटे, कडा पांढऱ्या. पायांवरही काळं-पांढरं. ही खूण कोकण कन्याळची. आपल्याच कोकणातली, सिंधुदुर्गाकडची जात. गंमत बघा, व्यापारी जिला दुसऱ्याच नावाने विकत होता, तीच पेण-रोह्याच्या पावसाला जास्त जवळची.

दुसरी पूर्ण काळी, मध्यम उंचीची. ही उस्मानाबादी असू शकते, मराठवाड्यातली, जुळ्यांसाठी नावाजलेली. पण ‘असू शकते’ एवढंच मी म्हणालो. उस्मानाबादी बहुतेक काळी असते हे खरं, पण काळी शेळी गावठीतही असते आणि संकरातही. रंगावरून जात ठरत नाही. म्हणून मी दादाला सांगितलं, हिची आई किंवा आधीची करडं दाखवायला सांग. सगळी एकसारखी दिसली तर विश्वास वाढतो.

तिसऱ्या फोटोत तर शेपूट खाली लोंबतेय! शेळीची शेपूट आखूड आणि सहसा वर असते. ती मेंढी निघाली, बहुधा दख्खनी. या मेंढ्या घाटावरच्या कोरड्या हवेतल्या. धनगर मंडळी पावसाळा संपला की कळप घेऊन कोकणात उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात आणि पावसाआधी परत जातात. त्यांचा हा हिशेब उगाच नाही. चिखलात मेंढीचे खूर कुजतात, लोकर भिजून राहते. रोह्यात बारमाही पाळायला ती मी सुचवणार नाही.

फोटो मागताना एक करा: बाजूने पूर्ण उभी, समोरून तोंड, कान हाताने सरळ धरून, आणि खालचे पुढचे दात. दुधाचे सगळे दात असतील तर साधारण वर्षाच्या आतली. दोन मोठे दात आले असतील तर सव्वा ते दीड वर्षाच्या आसपासची. व्यापाऱ्याने ‘चार वेळा व्यायलेली’ सांगितलं आणि दात दोनच, तर तिथेच बोलणं थांबवा.

फोटोत कासेची गाठ, खोकला, लंगडणं दिसत नाही. दादाने नंतर चालतानाचा व्हिडिओ मागवला, तर काळी मागच्या पायाने ओढत होती. शेवटी त्याने कन्याळच घ्यायची ठरवली, पण एकच नाही, त्याच गोठ्यातल्या तिच्या दोन बहिणीही. लसीकरणाची नोंद मिळेपर्यंत पैसे मात्र दिले नाहीत.