गालाच्या कडेने औषध
(टेंभुर्णी येथील स्वयंसेवक मेळाव्यात दिलेले भाषण)



गेल्या हंगामात टेंभुर्णीजवळ ऊसतोड कामगारांच्या कोपीत गेले होते. दोन वर्षांच्या मुलाची छाती भरलेली. डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिनचे पातळ औषध दिले होते. सकाळ-संध्याकाळ ५ मिली, पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी आईने ते बंद केले. म्हणाली, "ताई, तोंडच उघडत नाही. नाक दाबून पाजलं, तर ठसका लागला, सगळं ओकला."

चूक आईच्या मायेत नव्हती, पद्धतीत होती. मूल आडवे, नाक दाबलेले, चमचा थेट घशाकडे. रडताना मूल जोराने श्वास आत ओढते, तेव्हा औषध श्वासनळीत जाऊ शकते.

आम्ही औषधाच्या दुकानातून ५ मिलीची, सुई नसलेली सिरिंज आणली. तिचे छोटे टोपण आधी काढून दूर ठेवले, कारण ते मुलाच्या घशात अडकू शकते. बाटली हलवून औषध बरोबर ५च्या रेघेपर्यंत ओढले आणि हवेचा बुडबुडा काढला. घरचे चमचे लहान-मोठे असतात, म्हणून मापाला ते नकोत.

वेळ निवडली जेवणाआधीची. हे औषध उपाशीपोटी चालते आणि पोट रिकामे असले तर उलटीही कमी होते. मात्र काही औषधे जेवणानंतरच द्यायची असतात, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. मूल शांत झाल्यावर आईने त्याला मांडीवर सरळ बसवले. माठातल्या गार पाण्याचा घोट दिला. गारव्याने जिभेला चव कमी लागते. मग सिरिंजचे टोक गालाच्या आत, हिरडीच्या कडेला ठेवले. चव मुख्यतः जिभेवर कळते, म्हणून जीभ टाळायची. अर्धा मिली सोडला, थांबलो, गिळल्यावर पुन्हा अर्धा. पाच मिलीला चार-पाच मिनिटे लागली. शेवटी गुळाचा बारीक खडा चाटवला. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीही चाटवू नका.

औषध दुधाच्या पूर्ण पेल्यात मिसळू नका. मुलाने अर्धे दूध टाकले, तर किती औषध पोटात गेले ते कळत नाही.

आईने विचारले, "पुन्हा ओकला तर?" या औषधासाठी सांगते: अर्ध्या तासाच्या आत सगळे ओकले, तर तेवढेच एकदा पुन्हा द्यावे. त्यानंतर ओकले, तर पुढच्या वेळेची वाट पाहावी. थोडे थुंकले, तर अंदाजाने भर घालू नये. प्रत्येक वेळी ओकत असेल, श्वास जलद चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा मूल सुस्त पडले असेल, तर सिरिंज बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.

त्या आईने उरलेले दिवस एकटीने औषध दिले. सहाव्या दिवशी गेले, तेव्हा मूल उसाच्या वाढ्यांशी खेळत होते, आणि धुतलेली सिरिंज कोपीच्या कुडात खोचलेली होती.