पेस्टच्या ट्यूबवरचा हजाराचा आकडा

घरी गेल्यावर पेस्टच्या ट्यूबची मागची बाजू वाचा. फ्लोराइडचं प्रमाण तिथं पीपीएममध्ये छापलेलं असतं. आपल्याकडे कायद्यानं त्याची कमाल मर्यादा 1000 आहे, युरोपात 1500. हजार पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड.

आपण गूळ खाल्ला की दातावर चिकटलेल्या थरातले जंतू त्याचं आम्ल करतात. जमिनीचा सामू आपण तपासून घेतो ना, तोच सामू तोंडात साडेपाचाच्या खाली गेला की दातातलं कॅल्शियम विरघळू लागतं. पुढं लाळ आम्ल निवळवते आणि क्षार परत बसतात. लाळेत जरासं फ्लोराइड असेल तर ते लवकर बसतात, आणि नवा थर साधारण साडेचारापर्यंत तग धरतो. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतो, तोवर ही दुरुस्ती शक्य असते. खड्डा पडला की नाही.

हे काम मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर चालतं. म्हणून पेस्ट थुंकावी, पण नंतर तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरू नयेत. मला तर आपली ही सवयच सगळ्यात महाग पडते असं वाटतं. मिश्रीबद्दल बोलायलाच नको. तिच्यात तंबाखू आहे, संरक्षण काही नाही. फ्लोराइडचा माउथवॉश रोजच्या वापराचा असेल तर त्यात साधारण 225 पीपीएम असतं. ब्रश केल्याबरोबर तो वापरला तर जास्त ताकदीचं धुऊन कमी ताकदीचं ठेवल्यासारखं होतं. दुपारी जेवणानंतर वापरा. सहा वर्षांखालच्या मुलांना तो नकोच, ती गिळतात.

खरा वाद लहान मुलांच्या पेस्टचा. कमी ताकदीच्या, पाचशेच्या आसपासच्या पेस्टनं कीड थांबते याचा पुरावा दुबळा आहे. त्यापेक्षा हजाराचीच घ्यावी, पण तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं सहापर्यंत वाटाण्याएवढी. वाटाणा म्हणजे पाव ग्रॅम. पोर सगळी गिळलं तरी पाव मिलिग्रॅम. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पट्टी दोनदा गिळली तर दोन मिलिग्रॅमच्या घरात जातं.

आता पाणी. त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं; दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. अमेरिकेत 1945पासून पाण्यात फ्लोराइड घालतात. 2015पासून तिथं शिफारस 0.7ची आहे. आपला प्रश्न उलटा आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत विहिरी-बोअरमध्येच ते जास्त आहे. तिथं आठ वर्षांखालच्या, दात घडत असलेल्या मुलांच्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखेच पांढरट-तपकिरी पट्टे येतात. वर्षानुवर्षे प्रमाण फार राहिलं तर हाडंही आखडतात. आपल्या कराडच्या काळ्या बसाल्टातल्या पाण्यात ते सहसा कमी असतं. तरी कुणी खोल बोअरचं पाणी पीत असेल, तर एकदा प्रयोगशाळेत नमुना द्यावा. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतं.