पत्र्याखालच्या कोंबड्या

आमच्या गटाचं कोंबड्यांचं शेड दहा फूट बाय पंधरा फुटांचं आहे. वर साधा पत्रा आणि आत शंभर कोंबड्या. गेल्या एप्रिलमध्ये एका दुपारी त्यातल्या अकरा मेल्या. सकाळी सगळ्या चांगल्या होत्या, म्हणून आम्हाला वाटलं रोगच आला. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, रोग नाही, पत्रा आहे. गटाच्या कर्जाचा हप्ता त्याच कोंबड्यांच्या अंड्यांवर चालला होता, त्यामुळे त्या रात्री कुणालाच जेवण गेलं नाही.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, हीच उन्हात तिची उष्णता बाहेर टाकायची मुख्य सोय. पस्तीस अंशांच्या वर तिला जड जातं, चाळिशीच्या आसपास जीवावर बेततं. तापलेला पत्रा तर तव्यासारखी धग खाली फेकत राहतो. दुपारी शेडमध्ये उभं राहून डोक्यावर तळहात धरा. हाताच्या वरच्या बाजूला चटका जाणवला, तर कोंबड्यांच्या पाठीवरही तीच धग पडते आहे असं समजा.

आम्ही पहिला उपाय केला तो चुकला. घरात काळी ताडपत्री पडून होती, ती थेट पत्र्यावर अंथरली. काळा रंग ऊन ओढतो आणि मध्ये हवेला जागा नाही, त्यामुळे आत आणखीच उकडायला लागलं. मग आतून खताच्या पोत्यांचं छत बांधलं. तेही वाईट, कारण ते खाली आलं आणि वारा अडला. दोन दिवसांत दोन्ही काढलं.

मग जुन्या माणसांकडून शिकून केलं ते टिकलं. आधी पत्र्यावर तुराट्यांचा एक थर आडवा पसरला. तो कशाला, तर पाचट आणि पत्रा यांच्यामध्ये हवेची पोकळी राहावी म्हणून. त्यावर उसाचं कोरडं पाचट अर्धा फूट जाड घातलं. तुमच्याकडे गव्हाचं काड असेल तर तेही चालतं. आमच्या छताला साधारण अर्धी ट्रॉली पाचट लागलं. पाचट कडेच्या बाहेर दोन-तीन फूट लोंबतं ठेवलं, म्हणजे पश्चिमेचं ऊन जाळीतून आत येत नाही. बाहेर काढलेल्या भागाला खालून बांबूचा आधार दिला. वरून जुनं शेडनेट ओढून तारेनं खाली वाशांना बांधलं. नाहीतर वळिवाच्या वाऱ्यात सगळं शेजारणीच्या अंगणात जातं, आमचं एकदा गेलंच.

पाचट घालण्याआधी वासे तपासा. कोरडं पाचट हलकं असतं, पण भिजलं की वजन वाढतं. आमचा मधला वासा वाकायला लागला होता, म्हणून खालून एक बल्ली उभी केली.

दुपारी अकरा ते चार या वेळात पाचटावर पाणी शिंपडलं तर आणखी गार होतं. पण आमच्या मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत, आणि शेडच्या दोन्ही बाजू उघड्या असतील तरच. बाजूंना ओली पोती लावून शेड बंद केलं तर आत दमट होतं, आणि दमट हवेत धापा टाकूनही कोंबडीची उष्णता बाहेर जात नाही. शिंपडल्यावर कोंबड्या जास्त धापू लागल्या, पंख पसरून जमिनीला चिकटून बसल्या, तर पाणी थांबवा आणि बाजू मोकळ्या करा. त्याच अकरा ते चारमध्ये खाद्यही देऊ नका. पचनाची उष्णता तेवढीच वाढते. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी, गार पाणी मात्र सारखं समोर हवं.

पाचट मिळत नसेल तर चुना लावा. पाच किलो कळीचा चुना दहा-बारा लिटर पाण्यात रात्रभर विरवायचा. विरताना तो उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवा आणि भांडं प्लास्टिकचं घेऊ नका. सकाळी गाळून त्यात थोडा डिंक घालायचा आणि दोन हात मारायचे. काही जणी त्यात मीठ घालतात. भिंतीला ठीक आहे, पत्र्याला मीठ घालू नका, गंज धरतो. चुना धग कमी करतो, पण पाचटाइतकी नाही, आणि पावसात धुऊन जातो.

पाचटाचा मोठा धोका म्हणजे आग. चूल, उकिरड्याची पेटवण, बिडी यांपासून शेड लांब हवं, आणि बल्बची उघडी वायर पाचटाला लागू देऊ नका. उंदरांनी घर केलं की मागून सापही येतो, म्हणून आठवड्याला एकदा काठीनं वर ठोकून पाहायचं.

यंदा हे काम आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात उरकलं. एप्रिलमध्ये एका दुपारी बाहेर एक्केचाळीस होतं. आमचं छत्तीस होतं, आणि शेजारच्या उघड्या पत्र्याखाली चव्वेचाळीस. त्या महिन्यात आमची एकही कोंबडी उन्हानं गेली नाही. अंडी थोडी घटली, ती मात्र घटलीच. जूनच्या पहिल्या पावसाआधी पाचट उतरवून खतात टाकलं. भिजलेलं पाचट वर कुजू दिलं तर पत्राही सडतो आणि आत बुरशीचा वास येतो. तुराट्या तेवढ्या कोरड्या जागी बांधून ठेवल्यात, पुढच्या मार्चला लागतील.