सुई मात्र मीच ओवतो

माझं शिवणकामाचं दुकान भालचंद्र गणपतीच्या लिंबागणेशात. चाळीस वर्षं नेहरू शर्ट आणि पायजमे शिवले. नजर जात होती, पण कळलं उशिरा. कारण सुई एका दमात ओवली जायची. ज्याला सुईचं नेढं दिसतं त्याचे डोळे अधू कसे, असं मीच लोकांना विचारायचो. तिकडे दाराची चौकट खांद्याला लागायची, शेजारी ठेवलेली कात्री सापडायची नाही.

बीडला डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर ऑपरेशननं दिसलं असतं. काचबिंदूत आतली नस खराब होते, बहुधा डोळ्यातल्या दाबानं. नजर बाजूंनी आखडत येते, मधली बराच काळ टिकते. गेलेली परत येत नाही. उरलेली राखायला रोज थेंब घालायचे. रक्ताच्या नात्यातल्यांनीही तपासून घ्यावं म्हणाले, म्हणून मुलालाही नेऊन आणलं.

शिवण हाताच्या अंदाजानं जमे, पण कापणं जमेना. बारावीची परीक्षा दिलेली नात म्हणाली, ‘‘आबा, तुम्ही सांगा, मी कापते.’’

छाती ४० इंच असेल तर तिचा चौथा भाग १०, ढिलाईला दीड, शिवणीला अर्धा. १२ वर खूण. हे ती पहिल्या दिवशी शिकली. कापडाची चौपदरी घडी मी बोटांनी चाचपायचो. एक पदर सरकला तरी बोटाला पायरी लागते.

पहिला शर्ट एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. माप बरोबर, शिलाई बरोबर, तरी तात्या म्हणाले, ‘‘पुढनं लोंबतंय अन् मागनं वर चढतंय.’’ पोरीचा चेहरा पडला. मी तात्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठीला पोक होतं. वाकलेल्या माणसाला मागचा भाग लांब लागतो. हे मी नुसत्या नजरेनं धरत आलो होतो, म्हणून तिला सांगायचं राहिलंच. चूक माझी. मागची दुमड उसवून एक इंच काढला. थोडं बरं झालं, अगदी नीट नाही. तात्यांकडून शिलाई घेतली नाही.

आता ती मानेच्या मणक्यापासून खाली पाठीवरून वेगळं माप घेते, पुढचं वेगळं. वहीत दोन रकाने आखलेत. उभा राहिलेला माणूस कसा दिसतो तेही दोन शब्दांत लिहिते, ‘उजवा खांदा खाली’ वगैरे. इतक्या वर्षांत मी एकदाही असं लिहून ठेवलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, आता कॉलेज कशाला, दुकान आहेच. मी नाही म्हटलं. ती सकाळच्या एसटीनं बीडला जाते, संध्याकाळी येऊन कापते. लग्नसराईत कपडे उशिरा मिळतात, गिऱ्हाईक कुरकुर करतं. काही दुसरीकडे गेलेही.

परवा घाईत तिला सुई ओवता येईना. तिनं दोरा माझ्या हातात दिला. पहिल्याच खेपेला नेढ्यातून गेला.