बरोबर उत्तरामागची चूक

अकरावीच्या रसायनशास्त्रातलं एक गणित घेऊ. 4 ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल आणि पाणी किती तयार होईल? समीकरण सांगतं, हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, आणि त्यातून पाण्याचे दोन.

पुष्कळ मुलं 4 ला 1 ने भागतात. 1 हे हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान. म्हणजे 4 मोल. मग ऑक्सिजन त्याच्या निम्मा, 2 मोल. त्याला पुन्हा अणूच्याच 16 ने गुणलं की 32 ग्रॅम. गंमत म्हणजे हे उत्तर बरोबर आहे! दोन्हीकडे तीच चूक झाल्यामुळे ती कटली, आणि इथेच मुलं फसतात.

कारण पाण्याला 18 हेच रेणुवस्तुमान लावावं लागतं. 4 मोल धरले, तर पाणी होतं 72 ग्रॅम. पण आत गेलं 4 अधिक 32, म्हणजे फक्त 36 ग्रॅम. वस्तुमान दुप्पट कसं होईल?

हायड्रोजन वायू H₂ आहे, त्याला 2 ने भागा. मोल 2, पाणी 36 ग्रॅम. मॅग्नेशियमसारख्या धातूला मात्र अणूचंच 24 लावायचं. तेव्हा भागाकाराआधी समीकरणातलं सूत्र जसंच्या तसं वाचा.