सहा आकड्यांचा पाठ : नववीच्या वर्गासाठी एक पाठ-टाचण



मोबाइल व इंटरनेटवरील सुरक्षित सवयी हा विषय मुलांना शिकवायचा म्हटला की बहुधा सूचनांची लांबलचक यादी फळ्यावर लिहिली जाते. मुले ती उतरवून घेतात आणि घरी जाऊन विसरतात. म्हणून एकच प्रसंग घेऊन, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या तीन तासिकांत हा विषय कसा मांडता येईल, त्याचे टाचण मी आपणापुढे ठेवीत आहे. प्रसंग व्हॉट्सअॅपचा आहे, कारण ते घरोघरी आहे. मुलाच्या हातातला फोन पुष्कळदा अम्मीचा असतो, तेव्हा हरवते तेही अम्मीचेच खाते.

पहिली तासिका : फसवणूक कशी घडते?

प्रस्तावनेत शिक्षकाने विचारावे, "नवीन फोनवर व्हॉट्सअॅप सुरू करताना काय करावे लागते?" उत्तर मुलांनाच ठाऊक असते. नंबर टाकला की त्या नंबरावर एसएमएसने सहा आकडे येतात आणि ते भरले की खाते सुरू होते. हेच पूर्वज्ञान. आता हेतुकथन करून प्रसंग सांगावा.

समजा, नववीतील एका मुलीला संध्याकाळी तिच्या खालाच्या नंबरावरून संदेश आला : "बेटा, माझा एक कोड चुकून तुमच्या फोनवर गेला आहे, लवकर पाठव." त्याच क्षणी अम्मीच्या फोनवर खरोखरच सहा आकडे येतात. खालाचेच काम म्हणून मुलगी ते पाठवून देते. मिनिटाभरात अम्मीचे व्हॉट्सअॅप बंद पडते. थोड्या वेळाने मामूंना अम्मीच्या नावाने संदेश जातो : "दवाखान्यात आहे, पाच हजार रुपये या नंबरावर पाठवा."

येथे थांबून वर्गाला विचारावे, "संदेश खरोखर खालाने पाठवला होता का?" नाही. खालाचे खाते आधीच चोराच्या ताब्यात गेले होते. त्याने आपल्या फोनवर अम्मीचा नंबर टाकला, म्हणून कोड अम्मीकडे आला. तो चुकून आला नव्हता. तो अम्मीच्याच दाराची किल्ली होता. एक नंबर एका वेळी एकाच मुख्य फोनवर नोंदला जातो. चोराने कोड भरताच अम्मीचा फोन बाहेर पडला.

कोडच्या एसएमएसमध्ये Don't share this code with others असे लिहिलेले असते. हे वाक्य फळ्यावर लिहून त्याचा अर्थ मुलांकडूनच वदवून घ्यावा. त्याखाली दोन खुणा लिहाव्यात. पहिली : आपण मागितला नसताना आलेला कोड म्हणजे दुसरे कोणी तरी आपले दार उघडू पाहत आहे. दुसरी : संदेश ओळखीच्या नंबरावरून आला, एवढ्याने पाठवणारा माणूस ओळखीचा ठरत नाही. शंका येताच साधा फोन लावून आवाज ऐकावा. व्हॉट्सअॅपवरच उलट विचारले, तर उत्तर चोरच देईल.

दुसरी तासिका : दुसरे कुलूप

व्हॉट्सअॅपला दुसरे कुलूप बसवता येते. Settings मध्ये Account, त्यात Two-step verification. तेथे आपण निवडलेला सहा आकडी पिन ठेवायचा आणि तो विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून ई-मेलचा पत्ता द्यायचा. यानंतर नव्या फोनवर खाते सुरू करताना एसएमएसच्या कोडबरोबर हा पिनही लागतो. वरच्या प्रसंगात तो असता, तर कोड हाती येऊनही चोर दारातच अडला असता.

पिन कोणता ठेवावा, हे गणिताने शिकवावे. सहा आकड्यांच्या 10 लाख जुळण्या होतात. पण जन्मतारखेचे सहा आकडे ठेवले तर? वर्गातील मुले बहुधा दोन वर्षांच्या अंतरात जन्मलेली असतात, म्हणजे तारखा फक्त 730 किंवा 731. आणि ज्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा पाहिल्या, त्याच्यासाठी जुळणी एकच उरते! मुलांनी हा हिशेब स्वतः वहीत मांडावा. 10 लाखांचे कुलूप आपणच एका आकड्यावर आणून ठेवतो, हे त्यांना चटकन पटते. मात्र कोणाही मुलाला आपला खरा पिन वर्गात सांगायला लावू नये. तसे केले तर आपण शिकवतो त्याच्या उलट धडा मिळेल.

या कुलपाची मर्यादाही सांगितली पाहिजे. Linked devices या सोयीने आपले खाते दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर जोडता येते. कोणी भुलवून आपल्या फोनवर तसा जोडणीचा कोड भरायला किंवा चौकोनी क्यूआर चित्र टिपायला लावले, तर पिन आडवा येत नाही. येथे आपले खाते बंदही पडत नाही, म्हणून संशय येत नाही. Linked devices उघडून यादी पाहणे हाच ओळखण्याचा मार्ग. अनोळखी नाव दिसले तर त्यावर बोट ठेवून Log out करावे.

तिसरी तासिका : खिडकी किती उघडी ठेवावी?

फसवणुकीची दुसरी रीत अशी : नंबर नवा, छायाचित्र मात्र चाचांचे. "माझा नंबर बदलला आहे, हा जपून ठेव." खाते चोरावे लागत नाही, सर्वांना दिसणारे छायाचित्र उचलले की काम होते. म्हणून Settings मधील Privacy येथे प्रोफाइलचे छायाचित्र My contacts एवढ्यांनाच दिसेल असे ठेवावे. तेथेच Groups पुढेही My contacts निवडावे, म्हणजे अनोळखी माणूस आपल्याला परस्पर गटात ओढू शकत नाही. पण पहिल्या प्रसंगातला चोर खालाच्या, म्हणजे ओळखीच्याच नंबरावरून आला होता. त्याला ही खिडकी अडवू शकत नाही, तेथे पहिल्या तासिकेतील खुणाच कामी येतात.

उपयोजनासाठी वर्गाला विचारावे, "कोड देऊन बसलो, आता काय?" उत्तर क्रमाने लिहावे. आपल्या फोनवर पुन्हा आपलाच नंबर टाकावा व एसएमएसने आलेला नवा कोड भरावा. त्या क्षणी चोर बाहेर पडतो. त्याने मध्यंतरी स्वतःचा पिन लावला असेल, तर आपल्याला सात दिवस थांबावे लागते, परंतु खाते त्याच्याही हाती राहत नाही. दरम्यान दुसऱ्या फोनवरून नातलगांना कळवावे, की आमच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता असते, म्हणून येथे मिनिटे मोजावी लागतात.

गृहपाठ एकच : घरातील एका वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या फोनवर दुसरे कुलूप बसवून द्यावे. पिन मात्र त्यांनी स्वतः निवडावा व मुलाने तोंड फिरवावे.

पालकहो, टाचणातील एक जागा शिक्षक भरू शकत नाही. कोड देऊन बसलेले मूल मार बसेल या भीतीने रात्रभर गप्प राहिले, तर तेवढ्या वेळात मामू, चाचा, शेजारी, सर्वांना संदेश पोहोचलेले असतात. त्या संध्याकाळी "अम्मी, माझ्याकडून कोड गेला" हे वाक्य मुलाच्या तोंडून निघेल की नाही, हे आपण आजवर त्याच्या लहानसहान चुका कशा ऐकून घेतल्या, यावरच ठरणार आहे.